मूत्राशयातील जंतूंची पकड

मूत्राशयाचा दाह बहुतेक वेळा ज्या जंतूमुळे होतो, तो आपल्याच आतड्यातला रहिवासी आहे. एश्चेरिशिया कोलाय हे त्याचे नाव. आतड्यात असेतो तो बहुधा निरुपद्रवी असतो; पण त्याच्या काही जाती मूत्रमार्गाने वर चढतात आणि मग लघवीला जळजळ सुरू होते. स्त्रियांचा हा मार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरांचा, म्हणून हा त्रास त्यांनाच अधिक.

येथे कोणाच्याही मनात शंका येईल. मूत्राशय दिवसातून अनेकदा रिकामा होतो. मग त्या लोंढ्याबरोबर हे जंतू वाहून का जात नाहीत? आम्हांला या विषयात सर्वांत नवलाचे वाटते ते याचेच उत्तर.

या जंतूच्या अंगावर बारीक तंतूंची झालर असते. तिला फिंब्रिया म्हणतात. प्रत्येक तंतूच्या टोकाला 'फिम-एच' नावाचे एक प्रथिन असते आणि त्यात एक लहानशी खोबण असते. मूत्राशयाच्या अस्तरावरील पेशींवर मॅनोज नावाच्या साखरेचे अंश असतात. ते या खोबणीत बरोबर बसतात. पण ही पकड एरवी सैलच असते. २००२ साली सिॲटल येथील संशोधकांनी असे जंतू एका पृष्ठावर बसवून त्यांवरून तांबड्या रक्तपेशी वाहवल्या. प्रवाह मंद होता तेव्हा पेशी सैल चिकटत. तो वाढवला, तशा त्या सुटण्याऐवजी घट्ट रोवल्या गेल्या! पोहऱ्याला घातलेला सरफास ओढावा तसा आवळतो, त्यातलाच हा प्रकार. फिम-एचचे दोन भाग आहेत. ते एकमेकांना टेकलेले असतात तोवर खोबण उघडी राहते. ताण पडून ते दूर झाले, की ती मिटते. शिवाय तंतू मळसूत्रासारखा वळलेला असल्याने ताणाखाली उलगडतो, आणि टोकाला एकाएकी हिसका बसत नाही. प्रवाह थांबला, की पकड पुन्हा ढिली, आणि जंतू पुढे सरकायला मोकळा!

खोबणीत साखर बसते, तर मॅनोजच पोटात घेऊन ती आधीच भरून टाकावी, हा विचार साहजिक होता. मॅनोजची भुकटी बाजारात मिळतेही. पण वारंवार दाह होणाऱ्या सुमारे ६०० स्त्रियांवर इंग्लंड-वेल्समध्ये घेतलेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ती सहा महिने रोज घेऊनही दाह टळण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. परीक्षानळीत पटते ते देहात उतरतेच असे नाही.

मग प्रवाहाने पकड आवळत असेल तर पाणी कमी प्यावे काय? मुळीच नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, एरवी पाणी कमी पिणाऱ्या ज्या स्त्रिया रोज दीड लिटर अधिक पाणी प्याल्या त्यांच्यात वर्षातले दाहाचे प्रसंग सरासरी १.७ दिसले, तर ज्यांनी पाणी वाढवले नाही त्यांच्यात ३.२. अजून न चिकटलेला जंतू लोंढ्याबरोबर जातोच. मात्र लघवीच्या जळजळीबरोबर थंडी-ताप आला किंवा कुशीत दुखू लागले, तर जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचले असण्याचा संभव असतो. तेव्हा पाण्यावर विसंबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.