चित्र वरचं, आवाज खालचा

लातूर-नांदेडकडच्या लग्नांच्या, यात्रांच्या, प्रचारसभांच्या व्हिडिओत ड्रोनचा तुकडा आला की खाली हमखास गाणं वाजत असतं. त्याचं कारण हौसेइतकंच नाइलाजाचंही आहे. घडी घालून बॅगेत मावणाऱ्या बहुतेक ड्रोनना माईकच नसतो, त्यामुळे कार्डवर मुकी फाइल उतरते. ड्रोनवर वेगळा ॲक्शन कॅमेरा बांधलेला असेल तर आवाज मिळतो खरा, पण तो पंख्यांच्या घरघरीचा. गाणं टाकलं की दोन्ही अडचणी झाकल्या जातात. मात्र ज्याला बाजार बाजारासारखा आणि शिवार शिवारासारखं ऐकवायचं आहे, त्याचं गाण्यावर भागत नाही. त्याला तो आवाज दुसरीकडून आणून चित्राखाली बसवावा लागतो.

घरघर गाळून खालचा मूळ आवाज वाचवता येणार नाही का, हा पहिला प्रश्न प्रत्येक जण विचारतो. समजा, पंखा मिनिटाला ६००० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला १००. प्रत्येक पंख्याला दोन पाती, म्हणजे सेकंदाला २०० फटके. हा झाला २०० हर्ट्झचा मूळ स्वर, आणि त्याच्या वर ४००, ६००, ८०० अशी त्याच्या पटींची उतरंड लागलेली. बाईच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण तिथेच असतो. तेवढे स्वर कापायचे, तर माणसांच्या आवाजाचा गाभाही कापला जातो. बरं, पंखा एका वेगाला स्थिरही राहत नाही. वाऱ्याची झुळूक आली की चारही मोटरी आपापला वेग कमी-जास्त करतात, म्हणून कापायची जागा क्षणाक्षणाला सरकते. त्यात पात्यांनी घुसळलेल्या हवेचा सूं-सूं आवाज सगळ्या पट्ट्यांत पसरलेला. नॉइज रिडक्शनचं बटण जोरात फिरवलं तर घरघर थोडी कमी होते, पण उरलेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो. शिवाय शंभर मीटरवरच्या माईकला पंख्यांच्या गदारोळात खालची भाजीवाली मुळात ऐकूच आलेली नसते. वाचवण्यासारखं तिथे काही नसतं.

म्हणून आवाज बदलायचा. लातूरच्या गंजगोलाईचं उदाहरण घेऊ, कारण वरून बघायला मराठवाड्यात इतकी आखीव जागा क्वचितच सापडेल. १९१७ साली उभी राहिलेली ही दुमजली गोलाकार बाजारपेठ, मधोमध देवीचं मंदिर आणि चहूकडे फुटणारे सोळा रस्ते. सोन्याचांदीपासून मिरची-गुळापर्यंतचा माल या रस्त्यांवर विकला जातो. समजा, ड्रोन अशाच एका रस्त्याच्या तोंडाशी माणसाच्या उंचीवर सुरू होतो, सरळ वर चढतो आणि चाळीस सेकंदांत सगळं वर्तुळ चौकटीत येतं. उडवायची परवानगी आणि त्या जागेचा झोन आधी बघून घेतलेला आहे, असंही धरू.

इथे एका रेकॉर्डिंगवर भागत नाही, आणि नवशिक्या एडिटरची फसगत इथेच होते. तो बाजाराचा एक चांगला आवाज मिळवतो आणि चाळीस सेकंद एकाच पातळीवर अंथरतो. चित्र गच्चीच्याही वर गेलेलं असतं आणि कानाशी मात्र अजून कुणीतरी मिरचीचा भाव सांगत असतो. बघणाऱ्याला चूक नेमकी सांगता येत नाही, पण चित्र खोटं वाटायला लागतं. आपण उंची डोळ्यांइतकीच कानांनीही मोजत असतो.

म्हणून तीन जागी रेकॉर्डिंग करायचं. पहिलं रस्त्यावर, दुकानांच्या ओळीत, छातीच्या उंचीवर: सुट्ट्या पैशांची खळखळ, तराजूच्या पारड्याचा ठणका, गिऱ्हाइकाची घासाघीस. दुसरं पहिल्या मजल्याच्या सज्जातून. इथे शब्द विरघळतात, पण माणसं बोलताहेत हे कळतं आणि रिक्षा कुठून कुठे गेली तेही कळतं. तिसरं दोन गल्ल्या सोडून एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवरून. इथे उरते ती गावाची एकसंध गुणगुण, त्यात मधूनच एखादा हॉर्न. प्रत्येक जागी सलग पाच मिनिटं, त्याच दिवशी, त्याच वेळेला. आणि ड्रोन खाली उतरवून, बंद करून. हे शेवटचं सांगावं लागतं, कारण घाईत माणसं ड्रोन हवेत असतानाच खाली रेकॉर्डर सुरू करतात आणि ज्या घरघरीपासून पळायचं तीच पुन्हा घरी घेऊन येतात.

साधन महागडं लागत नाही. खिशात मावणारा रेकॉर्डर पुरतो, चांगला मोबाइलही चालतो, पण माईकवर केसाळ टोपी हवीच. लातूरच्या गच्चीवर दुपारी सुटणारा वारा उघड्या माईकवर आदळला की ढगांसारखा गडगडाट भरतो आणि तोही नंतर निघत नाही. व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झवर घ्यायचं आणि आवाजाची पातळी मुद्दाम खाली ठेवायची. ट्रकचा एक हॉर्न कानठळ्या बसवतो आणि फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही.

मग टाइमलाइनवर हे तीन ट्रॅक एकाखाली एक लावायचे. पहिले सात-आठ सेकंद रस्त्याचा आवाज पुढे. ड्रोन पत्र्यांच्या वर निघाला की तो उतरायला लागतो आणि सज्जातला वर येतो. विसाव्या सेकंदाच्या आसपास रस्ता पूर्ण मिटलेला असतो. तिसाव्या सेकंदाला गच्चीची गुणगुण तेवढी उरते. एक ट्रॅक मिटताना दुसरा आधीच सुरू झालेला हवा, मधे पोकळी पडली की शिवण दिसते. वर जाता जाता तीक्ष्ण आवाजांची धारही कमी करायची, साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं हळूहळू दाबत न्यायचं, कारण अंतराबरोबर हवेत आधी तेच जिरतात. तिन्ही ट्रॅकमधलं ८० हर्ट्झच्या खालचं काढून टाकलं की वाऱ्याची आणि जड वाहनांची धडधड जाते. निवेदन असेल तर हा सगळा आवाज त्याच्या १५ ते २० डेसिबल खाली बसवायचा.

मंदिराची घंटा टाकावी का? टाकावी, पण एकदाच, आणि मंदिर चौकटीत आल्यावर. चित्रात जे दिसतं त्याचा एखादा आवाज ठळक ठेवला की कान चित्रावर विश्वास ठेवतो. शंभर मीटरवर आवाज पोहोचायला खरं तर पाव सेकंदाहून जास्त लागतो, २५ फ्रेमच्या व्हिडिओत सात फ्रेम. पण चित्रात ढोलावर टिपरू पडताना दिसत असेल तर हा उशीर पाळू नये. बघणाऱ्याला ते भौतिकशास्त्र न वाटता एडिटरचा ढिसाळपणा वाटतो.

पाच मिनिटांचा हट्ट कशाला, असं वाटेल. लोक वीस सेकंदांचा तुकडा घेतात आणि तोच पुन्हा पुन्हा चिकटवतात. त्यात एखादा पीं-पीं हॉर्न असला की दर वीस सेकंदांनी तोच हॉर्न, त्याच सुरात. तिसऱ्या खेपेला बघणारा चित्र सोडून हॉर्नची वाट बघायला लागतो. तपासायची युक्ती सोपी आहे: पडदा बंद करून नुसतं ऐकायचं. दुसरा धोका आणखी व्यावहारिक. बाजारातल्या कुठल्या ना कुठल्या दुकानात सिनेमाचं गाणं चालूच असतं. ते रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट आलं की यूट्यूबची यंत्रणा ओळखते आणि व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा येतो. म्हणून बाजाराचं रेकॉर्डिंग सकाळी, स्पीकर सुरू व्हायच्या आत केलेलं बरं. अर्थात मग चित्रही सकाळचंच हवं.

बाजार त्या मानाने क्षमाशील असतो, शिवार नाही. लातूरकडच्या सोयाबीनच्या किंवा ज्वारीच्या रानावरून ड्रोन फिरवला आणि इंटरनेटवरून 'गावाकडचा आवाज' उतरवून खाली टाकला, तर काय काय चुकू शकतं याला मर्यादा नाही. डिसेंबरातल्या ज्वारीवर पावशा ओरडताना मी ऐकला आहे. 'पेरते व्हा' म्हणणारा हा पक्षी मृगाच्या तोंडावर आपल्या कानी पडतो. निसवलेल्या ताटांवर तो पेरणीची आठवण करून देत होता आणि बघणारे शेतकरी हसत होते. त्या रानात तेव्हा ऐकू यायला हवी टिटवी, आणि कणसांवर उतरणारी पाखरं हाकलायला कुणीतरी बडवत असलेला पत्र्याचा डबा. परदेशी संग्रहातल्या रेकॉर्डिंगमध्ये तर पक्षीच आपल्याकडचे नसतात.

असे संग्रह निरुपयोगी नाहीत. बार्सिलोनाच्या विद्यापीठातून २००५ साली सुरू झालेल्या फ्रीसाउंडवर जगभरातल्या लोकांनी टाकलेले आवाज आहेत. वारा, पाऊस, पाणी तिथून घ्यायला हरकत नाही. फक्त प्रत्येक आवाजाखालची परवान्याची ओळ वाचायची. `CC0` असेल तर मोकळं रान, `BY` असेल तर नाव द्यायचं, `NC` असेल तर लग्नाच्या किंवा जाहिरातीच्या कामाला वापरायचाच नाही. बीबीसीने २०१८ मध्ये आपले सोळा हजारांवर ध्वनी खुले केले, तेही वैयक्तिक, शैक्षणिक आणि संशोधनाच्या वापरापुरतेच. पैनगंगेवरच्या सहस्रकुंड धबधब्यासारखं चित्र असेल तर परका आवाजही खपून जातो, कारण कोसळत्या पाण्यात पक्षी, भाषा, ऋतू काहीच ओळखू येत नाही. तरी पावसाळ्यातल्या भरल्या धबधब्याला ओढ्याची खळखळ लावू नये, एवढं भान हवं.

नांदेडला मात्र परका आवाज अजिबात चालत नाही. सचखंड हुजूर साहिबचं पहाटेचं हवाई चित्र असेल आणि खाली कुठून तरी आणलेलं कीर्तन असेल, तर जाणकाराला ते पहिल्या अर्ध्या मिनिटात खटकतं. पहाटे 'आसा दी वार' गायली जाते, 'रहरास'चा पाठ संध्याकाळचा. उगवत्या सूर्यावर रहरास ऐकू आला तर ती तांत्रिक चूक राहत नाही, अनादर होतो. इथे व्यवस्थापनाची रीतसर परवानगी घेऊन, त्याच वेळेचं, तिथलंच ध्वनिमुद्रण वापरावं. ते मिळत नसेल तर बाहेरच्या रस्त्याचा आणि कबुतरांच्या फडफडीचा आवाज पुरे. कीर्तन न ऐकवणं चुकीचं ऐकवण्यापेक्षा बरं.

सभा आणि मोर्चांबद्दल तर मी आणखी कडक आहे. मैदानावरच्या हवाई चित्राखाली दुसऱ्या सभेतल्या टाळ्या आणि घोषणा बसवणं हे ध्वनिसंयोजन नव्हे, गर्दी फुगवणं आहे. तिथे एक तर त्याच सभेत खाली घेतलेला आवाज लावावा, नाही तर चित्र मुकं ठेवून वर निवेदन द्यावं. बाजाराच्या गुणगुणीतून कुणी काही सिद्ध करायला जात नाही, टाळ्यांमधून जातं.

हे काम नियमाने करणाऱ्याकडे वर्षभरात आवाजांची चांगली साठवण होते, पण फाइलला नीट नाव दिलं तरच ती कामाला येते. `REC_0047.wav` मधून सहा महिन्यांनी काही कळत नाही. `latur_ganjgolai_gacchi_0730_oct.wav` मधून गाव, जागा, उंची, वेळ आणि महिना कळतो. महिना लिहायला लोक विसरतात, आणि मग भरलेल्या विष्णुपुरी धरणाच्या चित्राखाली मे महिन्यातली कोरडी शांतता जाऊन बसते.