‘आवडले नाहीत’ असं लिहू नका

समजा, तुम्ही ऑनलाइन एअरपॉड्स प्रो मागवले. डबा हुबेहूब, आवाजही बरा. पण आयफोनला जोडताच पडद्यावर सूचना आली की हे खरे असल्याची खात्री पटत नाही. ही सूचना आयओएस १६ पासून येते. ती निघून जाण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, कारण तक्रारीतला तुमचा पहिला पुरावा तोच.

लोक इथं घाई करतात. परत करण्याचं कारण विचारलं की ‘आवडले नाहीत’वर टिचकी मारतात आणि खाली ‘क्वालिटी खराब’ एवढंच लिहितात. आवड बदलली म्हणून वस्तू परत घ्यायची की नाही, हे विक्रेत्याच्या धोरणावर असतं. बनावट माल परत घ्यायला मात्र ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार तो नकार देऊ शकत नाही. म्हणून ‘बनावट’ किंवा ‘वर्णनाप्रमाणे नाही’ हेच कारण निवडा.

आता फोटो. मोघम दहा फोटोंपेक्षा नेमके तीन बरे. ओळखीच्या कुणाकडे तेच मॉडेल, दुकानातून बिलासह घेतलेलं, असेल तर दोन्ही शेजारी ठेवून, एकाच उजेडात, एकाच कोनातून काढा. मजकूर साधारण असा:

‘फोटो १: झाकणाच्या आतला सीरियल नंबर आणि खोक्यावरचा नंबर जुळत नाहीत. फोटो २: डावीकडे अस्सल, उजवीकडे मला आलेली केस. माझ्या केसच्या झाकणाची फट एका बाजूला रुंद आहे, आतली अक्षरं जाड आणि पुसट आहेत. फोटो ३: खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी नाही. सोबत फोनवरच्या सूचनेचा स्क्रीनशॉट. वस्तू बनावट असल्याने परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी.’

यात ‘आवाज खराब’ हा मुद्दा नाही, आणि तो मुद्दामच गाळलाय; आवाजाचा फोटो निघत नाही. सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर खरा निघाला, तरी हुरळून जाऊ नका. नकली बनवणारे खऱ्या जोडीचा नंबर उचलून हजारो डब्यांवर छापतात. नंबर चुकीचा निघाला तर संशय पक्का. बरोबर निघाला तर त्यावरून काहीच ठरत नाही.

पिकअपला माणूस आला की त्याच्यासमोरच सीरियल नंबर दिसेल असा व्हिडिओ काढा. नाहीतर पुढे ‘तुम्हीच बदलून दिलं’ असं ऐकावं लागतं. खोकं, बिल, केबल सगळं सोबत द्या, पण आधी प्रत्येकाचा फोटो घ्या.

विक्रेत्यानं टोलवाटोलवी केली तर ज्या प्लॅटफॉर्मवरून घेतलं त्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला हेच सगळं पाठवा. त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा, असा नियम आहे. तिथंही काम झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.