रविवार संध्याकाळचा कुकर

तू रविवारी राहायला येशील तेव्हा मी गावी असेन, म्हणून स्वयंपाकघराचं इथे लिहून ठेवते. सदाशिव पेठेतल्या बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. अभ्यासिकेतून आलो की चौघी एकदमच ओट्याशी येतो, आणि शेगडीला बर्नर दोन, कुकर एकच. म्हणून आधी कुकरचं सांगते.

जिने कुकर लावला तिने जेवायला बसण्याआधी तो रिकामा करून त्यात पाणी घालून ठेवायचं. शिटी आणि रिंग दर वेळी काढून धुवायची. झाकण लावण्याआधी शिटी काढून नळी उजेडाकडे धर. पलीकडचं दिसलं तरच झाकण लाव. डाळीला फेस येतो, तो सालपटं घेऊन नळीत शिरतो आणि तिथेच वाळतो. वाफेला वाट उरली नाही की सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो, आणि तो नवा बसवेपर्यंत कुकर बंद. म्हणूनच डाळ-खिचडीला कुकर अर्ध्यावर भरायचा नाही, आणि त्यात चमचाभर तेल टाकायचं, म्हणजे फेस कमी येतो.

शिटी होत नसेल तर आधी झाकणाच्या कडेकडे बघ. तिथून वाफ फुसफुसत असेल तर रिंग सैल झाली आहे. गॅस बंद कर, वाफ पूर्ण जाऊ दे, रिंग थंड पाण्यात बुडवून पुन्हा बसव. तरीही तेच झालं तर नवी आण, भांड्यांच्या दुकानात मिळते. आपल्या कुकरचं माप तेवढं बघून जा. कडेने वाफ नाही आणि शिटीही नाही, असं झालं तर मात्र लगेच गॅस बंद कर. नळी तुंबलेली असते, नाहीतर पाणी संपलेलं असतं. झाकण जोर लावून कधीच उघडू नकोस.

आता खिचडी. दोघींना एक वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मुगाची डाळ पुरते. दोन्ही एकत्र धुऊन ठेव. कुकरमध्येच दोन चमचे तेल तापव, मोहरी तडतडली की जिरं, हिंग, हळद घाल, मग डाळ-तांदूळ मिनिटभर परत. चार वाट्या पाणी आणि मीठ घालून तीन शिट्या कर. गॅस मध्यम ठेव, कारण मोठ्या गॅसवर शिट्या भराभर होतात आणि दाणा आत कच्चा राहतो. वाफ आपोआप जिरू दे. ती दहा मिनिटं शिजण्यातच धरलेली आहेत. घट्ट वाटली तर वरून गरम पाणी घाल. गार पाण्याने चव पांचट होते.

कुकर अडकलेला असेल त्या दिवशी पिठलं कर. अर्धी वाटी बेसन दोन वाट्या गार पाण्यात आधीच कालवून घे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. फोडणीत लसूण, हिरवी मिरची आणि कांदा परतून त्यात हे ओत आणि घट्ट होईपर्यंत ढवळत राहा. मग झाकण ठेवून मंद गॅसवर पाच-सात मिनिटं. कच्च्या पिठाचा वास गेला की झालं. कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून भाकरी आणलीस तर उत्तमच.

भात उरला तर रात्रभर ओट्यावर ठेवू नकोस, याबाबतीत मी फार आग्रही आहे. तांदळातल्या एका जिवाणूची बीजं शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. उलट्या होतात त्या त्यानेच. दोन तासांच्या आत भात पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेव, डब्यावर चिकटपट्टी लावून नाव आणि वार लिही. दुसऱ्या दिवशी कांदा घालून मस्त फोडणीचा भात होतो.

काळं हँडल असलेली कढई अंड्यांची. आपल्यातली एक अंडं खात नाही, तेव्हा ती कढई आणि तिचा कालथा वेगळाच ठेवायचा, घासणीसुद्धा.

रात्री शेवटी झोपणारी रेग्युलेटर बंद करते. गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून तो उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो. वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नकोस, लागलेलं बंदही करू नकोस. रेग्युलेटर फिरव, दारं-खिडक्या सताड उघड. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून बाल्कनीचं दार आधी उघड. मग सगळ्यांना घेऊन बाहेर जा आणि तिथून 1906 ला फोन कर.

सिलिंडर लावल्याची तारीख फ्रीजवरच्या कॅलेंडरवर लिहिलेली आहे. आपल्याला तो साधारण दोन महिने जातो. सातवा आठवडा लागला की नवा नोंदव आणि वर्गणीच्या वहीत तुझ्या नावासमोर टीप कर.