विसरण, परासरण आणि सक्रिय वहन: तीन गुणांच्या उत्तरात नेमकं काय लिहायचं?

‘विसरण, परासरण आणि सक्रिय वहन यांतील फरक उदाहरणांसह लिहा.’ जीवशास्त्राच्या पेपरमधला हा नेहमीचा छोटा प्रश्न. व्याख्या बहुतेकांना पाठ असतात, तरीही गुण जातात. याचं कारण साधं आहे. तिन्ही व्याख्या सारख्याच वाटतात आणि ‘जास्त संहतीकडून कमी संहतीकडे’ हे शब्द कुठे लावायचे, याचा गोंधळ होतो.

हा गोंधळ टाळायचा असेल तर प्रत्येक वेळी तीनच प्रश्न विचारा. काय हलतंय? ते उताराच्या दिशेने जातंय की चढाच्या? आणि पेशीला त्यासाठी ऊर्जा खर्च करावी लागते का? इथे ‘उतार’ म्हणजे जिथे एखादा पदार्थ जास्त आहे तिथून जिथे तो कमी आहे तिकडे जाणं.

विसरण म्हणजे काय?

गरम पाण्याच्या कपात टी-बॅग ठेवा आणि कप अजिबात हलवू नका. पिशवीतून तपकिरी रंग हळूहळू पाण्यात पसरतो. चहाच्या रेणूंना कुणी ढकलत नाही. प्रत्येक रेणू सतत, कुठल्याही दिशेने धडपडत असतो. पिशवीपाशी रेणू जास्त आणि लांब कमी, त्यामुळे एकूण हिशेबात बाहेर जाणारे रेणू जास्त भरतात. हेच विसरण. त्याला पटल असायलाच हवं असं नाही आणि पेशीची ऊर्जाही लागत नाही.

अगरबत्तीचा वास हे पाठ्यपुस्तकी उदाहरण चालतं, पण ते शंभर टक्के शुद्ध नाही. खोलीभर वास इतक्या लवकर पोहोचतो तो मुख्यतः हवेच्या झोतामुळे. नुसतं विसरण लांबच्या अंतरावर फार संथ असतं. साखरेसारख्या लहान रेणूंना पाण्यात पेशीएवढं, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकं अंतर कापायला सेकंदाचा अगदी छोटा अंश लागतो. १ मिलिमीटरसाठी काही मिनिटं लागतात आणि १ सेंटिमीटरसाठी कित्येक तास. अंतर दहापट झालं की वेळ साधारण शंभरपट होतो. म्हणूनच आपण चहात साखर टाकून चमच्याने ढवळतो.

शरीरातलं उदाहरण द्यायचं असेल तर फुप्फुसं घ्या. वायुकोशातल्या हवेत ऑक्सिजन जास्त, तिथे येणाऱ्या रक्तात कमी आणि दोघांमधली भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. अंतर इतकं कमी असल्यामुळेच नुसत्या विसरणावर आपलं काम भागतं.

मग परासरण वेगळं कसं?

परासरणात फक्त पाणी हलतं आणि तेही निवडक्षम पारपटलातून. हे पटल पाण्याला वाट देतं, पण विरघळलेल्या मिठाला किंवा साखरेला सहज जाऊ देत नाही.

घरी करून बघण्यासारखा प्रयोग बटाट्याचा आहे. कच्च्या बटाट्याचे सारख्या जाडीचे काप करा. काही काप साध्या पाण्यात आणि काही दाट मिठाच्या पाण्यात ठेवा. अर्ध्या-पाऊण तासाने उचलून वाकवून बघा. साध्या पाण्यातला काप ताठ आणि कडक लागतो, तर मिठाच्या पाण्यातला लिबलिबीत होऊन सहज वाकतो. पहिल्यात पाणी पेशींत शिरलं, दुसऱ्यात ते पेशींतून बाहेर आलं. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की भांड्यात पाणी सुटतं, त्याचं कारणही हेच.

आता हाच प्रयोग उकडलेल्या बटाट्यावर करा. साध्या पाण्यात कितीही वेळ ठेवला तरी तो पुन्हा ताठ होत नाही. उकळल्यामुळे पेशीपटल फाटलेलं असतं. पाणी आणि क्षार दोन्ही मोकळेपणाने ये-जा करतात, त्यामुळे परासरण उरतच नाही. उत्तरात ‘पटल’ हा शब्द विसरला की गुण का जातो, ते या बटाट्यावरून लक्षात येईल.

दिशेचा गोंधळ सर्वांत जास्त होतो तो इथेच. ‘परासरण कमी संहतीकडून जास्त संहतीकडे होतं’ हे वाक्य अर्धवट आहे, कारण संहती कशाची ते त्यात सांगितलेलं नाही. विरघळलेल्या पदार्थाची संहती जिथे कमी, तिथून ती जिथे जास्त तिकडे पाणी जातं. पाण्याच्या बाजूने बघितलं तर ते जास्त पाण्याकडून कमी पाण्याकडे, म्हणजे उतारानेच चाललेलं असतं. त्यामुळे परासरणालाही पेशीची ऊर्जा लागत नाही.

सक्रिय वहनाला स्वयंपाकघरातलं उदाहरण का सापडत नाही?

कारण त्याला जिवंत पेशी लागते. इथे पदार्थ चढाने, म्हणजे कमी संहतीकडून जास्त संहतीकडे न्यायचा असतो. ते आपोआप होत नाही. पेशीपटलातली वाहक प्रथिनं एटीपीमधली ऊर्जा वापरून ते घडवतात. इमारतीच्या टाकीतलं पाणी नळाला आपोआप येतं, पण खालचं पाणी गच्चीवर चढवायला मोटर लावावी लागते. सक्रिय वहन ही पेशीची मोटर आहे.

आपल्या पेशींमधला सोडियम-पोटॅशियम पंप हे याचं ठळक उदाहरण. एटीपीचा एक रेणू खर्च करून तो ३ सोडियम आयन पेशीबाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आयन आत घेतो. दोन्ही आयन चढानेच जातात.

वनस्पतींचं उदाहरण शेतातलं आहे. मातीतल्या पाण्यात पोटॅशियम अगदी थोडं असतं आणि मुळांच्या पेशींत त्याच्या कितीतरी पट. तरीही मूळ ते आत ओढतं, कारण ऊर्जा खर्च करतं. ही ऊर्जा श्वसनातून येते आणि श्वसनाला ऑक्सिजन लागतो. अतिवृष्टीनंतर सोयाबीन किंवा कपाशीच्या शेतात पाणी साचून राहिलं की मुळांना हवा मिळत नाही, एटीपी कमी पडतं आणि मुळं पोषणद्रव्यं नीट उचलू शकत नाहीत. पानं पिवळी पडण्यामागे हे एक कारण असतं. सक्रिय वहनाची ओळखही यातूनच पटते. ऊर्जेचा पुरवठा तोडला की ते थांबतं. विसरण आणि परासरण थेट त्या ऊर्जेवर चालत नाहीत.

तिन्ही एकत्र कुठे दिसतात?

जुलाब झाल्यावर दिल्या जाणाऱ्या ओआरएसमध्ये. जुलाबात शरीरातलं पाणी आणि क्षार निघून जातात. अशा वेळी नुसतं पाणी प्यायल्याने पुरेसं काम होत नाही, कारण आतड्याला पाणी थेट खेचता येत नाही. पाण्यासाठी कुठलाही पंप नसतो.

ओआरएसमध्ये ग्लुकोज आणि मीठ असतं. आतड्याच्या पेशीवर एक वाहक प्रथिन असतं, ते सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीने आत घेतं. सोडियम उताराने आत येतं आणि येताना ग्लुकोजला चढाने ओढून आणतं. सोडियमसाठी हा उतार कायम राहतो, कारण पेशीच्या दुसऱ्या बाजूचा सोडियम-पोटॅशियम पंप एटीपी खर्चून सोडियम सतत बाहेर, रक्ताच्या बाजूला टाकत असतो. हे झालं सक्रिय वहन. पेशीत साठलेलं ग्लुकोज वाहक प्रथिनांच्या वाटेने पण उतारानेच रक्ताकडे जातं, हा विसरणाचाच एक प्रकार. क्षार आणि साखर आत गेल्यावर त्यांच्या मागोमाग पाणी जातं, ते परासरणाने.

कॉलऱ्यातही ही सोडियम-ग्लुकोजची जोडवाट चालू राहते. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन अपुरं पडू लागलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज घातलेलं पाणी रुग्णांना तोंडावाटे द्यायला सुरुवात केली आणि मृत्यूंचं प्रमाण मोठ्या प्रमाणात खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

परासरणाची दिशा इथे प्रत्यक्ष महत्त्वाची ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या मोठ्या पाकिटातली पावडर १ लिटर पाण्यासाठी असते. तीच एका ग्लासात कालवली, किंवा ओआरएसऐवजी खूप गोड शीतपेय दिलं, तर आतड्यातलं द्रावण दाट होतं. मग पाणी शरीरातून आतड्याकडे खेचलं जातं आणि जुलाब वाढू शकतात. बटाट्याचा काप मिठाच्या पाण्यात लिबलिबीत होतो, तसंच हे. म्हणून पाकिटावर लिहिलेलं पाण्याचं प्रमाण तंतोतंत पाळायचं.

परीक्षेत उत्तर कसं लिहाल?

तीन गुणांसाठी एवढं पुरेसं आहे:

*विसरण: पदार्थाचे कण त्यांच्या जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जातात. पटल आवश्यक नाही, पेशीची ऊर्जा लागत नाही. उदा. वायुकोशातून रक्तात जाणारा ऑक्सिजन.*

*परासरण: निवडक्षम पारपटलातून पाण्याचे रेणू विद्राव्याच्या कमी संहतीकडून जास्त संहतीकडे जातात. पेशीची ऊर्जा लागत नाही. उदा. मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटणे.*

*सक्रिय वहन: पेशीपटलातील वाहक प्रथिने एटीपीची ऊर्जा वापरून पदार्थ कमी संहतीकडून जास्त संहतीकडे नेतात. जिवंत पेशी आवश्यक. उदा. मुळांनी मातीतून खनिजे शोषणे.*

उदाहरण निवडताना एक सापळा लक्षात ठेवा. ‘मुळं पाणी शोषतात’ हे परासरण आहे आणि ‘मुळं खनिजं शोषतात’ हे सक्रिय वहन. मूळ तेच, माती तीच, पण हलणारा पदार्थ बदलला की उत्तर बदलतं. म्हणून लिहायला लागण्यापूर्वी पहिला प्रश्न स्वतःला विचारा: काय हलतंय?