स्पेनवर पडणारी २९० किलोमीटरची सावली

येत्या बुधवारी, १२ ऑगस्टला, होणाऱ्या खग्रास सूर्यग्रहणाच्या बातम्या आपण रोज वाचतो आहोत. ग्रीनलंड, आइसलंड आणि शंभराहून अधिक वर्षांनी स्पेनची मुख्य भूमी चंद्राच्या गडद सावलीखाली येणार आहे. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा वाजलेले असतील, त्यामुळे इथून काही दिसणार नाही. मला या बातम्यांतल्या एकाच आकड्याबद्दल बोलायचं आहे. आइसलंडजवळ, जिथे ग्रहण सर्वाधिक असेल, तिथे खग्रासाचा पट्टा सुमारे २९० किलोमीटर रुंद आहे. हा आकडा सगळे छापतात, पण तो कुठून आला हे कुणी सांगत नाही. तो येतो दहावीच्या भूमितीतून, वर्तुळाच्या प्रकरणातल्या सामाईक स्पर्शिकेतून. कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही तो काढता येतो.

एक मोठं वर्तुळ काढा, हा सूर्य. शेजारी एक छोटं, हा चंद्र. दोघांनाही वरच्या अंगाने टेकणारी एक रेषा ओढा आणि तशीच खालच्या अंगाने दुसरी. छोट्या वर्तुळाच्या पलीकडे या दोन रेषा हळूहळू जवळ येत एका बिंदूत मिळतात. चंद्रापासून त्या बिंदूपर्यंतचा निमुळता भाग म्हणजे प्रच्छाया. तिच्या आत उभं राहिलं की सूर्याचा एकही बिंदू दिसत नाही. ती पृथ्वीपर्यंत पोहोचते का, आणि पोहोचलीच तर किती रुंदी शिल्लक राहते, एवढंच आपल्याला शोधायचं आहे.

वर्गात हे शिकवताना दोन सूत्रं फळ्यावर येतात आणि मुलं ती पाठ करतात. बाहेरच्या बिंदूपासून वर्तुळाला काढलेल्या स्पर्शिकाखंडाची लांबी काढायची तर अंतराच्या वर्गातून त्रिज्येचा वर्ग वजा करून वर्गमूळ घ्यायचं. दोन वर्तुळांच्या बाह्य सामाईक स्पर्शिकेसाठी त्रिज्येच्या जागी त्रिज्यांची वजाबाकी घालायची. ही दोन वेगळी सूत्रं आहेत असं मुलांना वाटतं, आणि माझी तक्रार इथेच आहे. सूत्र एकच आहे. सामाईक स्पर्शिका स्वतःला समांतर ठेवून लहान वर्तुळाच्या केंद्रापर्यंत सरकवा. लहान वर्तुळ आक्रसून बिंदू होतं आणि मोठ्याची त्रिज्या तेवढीच कमी होते. आता उरला एक बाहेरचा बिंदू आणि एक वर्तुळ, म्हणजे पहिलंच गणित. त्रिज्या ७ आणि २ सेंटिमीटर, केंद्रांतलं अंतर १३ असेल, तर १३ कर्ण आणि ५ एक बाजू, म्हणून स्पर्शिका १२ सेंटिमीटर. पट्टी लावून मोजली तरी १२ च भरते.

या काटकोन त्रिकोणाचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो आपल्याकडे दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ओळखला होता. इसवी सन ४९९ च्या सुमारास रचलेल्या आर्यभटीयात, गोलपादात, पृथ्वीच्या सावलीची लांबी काढायची रीत दिली आहे. सूर्य आणि पृथ्वी यांच्यातल्या अंतराला पृथ्वीच्या व्यासाने गुणायचं आणि दोघांच्या व्यासांच्या वजाबाकीने भागायचं. ही रीत आर्यभटाने आधी गणितपादात दिवा आणि शंकू यांच्यासाठी मांडली आहे. रस्त्यावरच्या दिव्यासमोर उभ्या असलेल्या मुलाची सावली किती लांब, हेच ते गणित. दिव्यापासूनचं अंतर गुणिले मुलाची उंची, भागिले दिव्याची आणि मुलाची उंची यांतला फरक. पुढे गोलपादात दिव्याच्या जागी सूर्य बसतो आणि मुलाच्या जागी पृथ्वी.

यावर एक रास्त शंका येते. दिव्याचा खांब उभा सरळ असतो, सूर्य तर गोल आहे. रेषा सूर्याच्या अगदी माथ्याला टेकत नाही, किंचित बाजूला टेकते. मग खांबासाठीचा नियम गोलाला चालेल का? चालतो, आणि तंतोतंत चालतो. केंद्रापासून स्पर्शबिंदूपर्यंतची त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते. दोन्ही वर्तुळांची स्पर्शिका एकच, म्हणून त्या दोन त्रिज्या एकमेकींना समांतर. त्यामुळे टोकाशी तयार होणारे दोन त्रिकोण समरूप होतात आणि गुणोत्तर तेच राहतं. खांबांच्या माथ्यांवरून जाणारी रेषा स्पर्शिकेहून किंचित वेगळी असली, तरी दोघी मिळतात त्याच टोकाला.

आर्यभटीयात सूर्याचा व्यास ४,४१० योजने आणि पृथ्वीचा १,०५० योजने आहे. वजाबाकी ३,३६०, म्हणजे सावली सूर्याच्या अंतराच्या बरोबर ५/१६. सूर्य खरं तर पृथ्वीच्या १०९ पट रुंद आहे, त्यामुळे हा अपूर्णांक आज टिकत नाही. रीत मात्र जशीच्या तशी टिकली आहे. आपण आज तीच वापरणार आहोत, फक्त पृथ्वीऐवजी चंद्र ठेवून.

सूर्याची त्रिज्या ६,९५,७०० किलोमीटर, चंद्राची १,७३७. ऑगस्टमध्ये पृथ्वी सूर्यापासून थोडी लांब असते. बुधवारी सूर्य आणि चंद्र यांच्यात सुमारे १५ कोटी १२ लाख किलोमीटर अंतर असेल. या अंतराला १,७३७ ने गुणून ६,९३,९६३ ने भागलं की प्रच्छायेची लांबी येते, ३ लाख ७८ हजार ५०० किलोमीटर. आइसलंडजवळच्या निरीक्षकापासून चंद्र असेल सुमारे ३ लाख ६४ हजार ६०० किलोमीटरवर. म्हणजे सावलीचं टोक जमिनीच्या पुढे आणखी १३,९०० किलोमीटर गेलेलं असेल. सावलीचा जाडपणा टोकापासूनच्या अंतराच्या प्रमाणात कमी होत जातो. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर, त्याला १३,९०० ने गुणून ३,७८,५०० ने भागलं तर उत्तर येतं सुमारे १२८ किलोमीटर.

छापलेला आकडा २९० आणि आपला १२८. गणित चुकलेलं नाही. १२८ ही सावलीला आडवं कापल्यावर दिसणारी रुंदी आहे. आइसलंडजवळ सूर्य क्षितिजापासून फक्त २६ अंश वर असेल, म्हणून सावली जमिनीवर तिरकी पडून लांबते. संध्याकाळी आपली सावली लांबते तसंच हे. १२८ ला २६ अंशांच्या साइनने, म्हणजे ०.४४ ने, भागा. उत्तर येतं २९० च्या आसपास.

हे गणित स्वतः करून पाहणाऱ्यांनी एका ठिकाणी सांभाळावं. सोपं जावं म्हणून सूर्याची त्रिज्या ७ लाख धरली, तर १२८ ऐवजी १०६ किलोमीटर येतात. इनपुटमध्ये एक टक्क्याहून कमी फरक आणि उत्तरात सतरा टक्के. कारण आपण जवळजवळ सारख्या दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी करतो आहोत. ३ लाख ७८ हजारातून ३ लाख ६५ हजार गेले की जे उरतं त्यावर सगळी चूक एकवटते. म्हणूनच पट्ट्याची कड अगदी नेमकी आखायची तर चंद्राच्या कडेवरचे डोंगर आणि दऱ्याही हिशेबात घ्याव्या लागतात. आणि ही वजाबाकी ऋण आली, म्हणजे टोक पृथ्वीच्या अलीकडेच संपलं, तर सूर्य पूर्ण झाकला जात नाही. २६ डिसेंबर २०१९ ला दक्षिण भारतातून आपण पाहिलेलं कंकण असंच होतं.

आता दुसरी जोडी. सूर्याच्या वरच्या कडेला टेकून चंद्राच्या खालच्या कडेला टेकणारी रेषा, आणि तिच्या उलट. या आडव्या सामाईक स्पर्शिका दोन वर्तुळांच्या मध्येच एकमेकींना छेदतात. लांबीच्या सूत्रात इथे त्रिज्यांची बेरीज येते. आपल्या ७ आणि २ च्या जोडीत १६९ मधून ८१ गेले, वर्गमूळ साधारण ९.४. बाहेरच्या १२ पेक्षा ही नेहमीच आखूड असते. मुलांनी उत्तर तपासायला एवढी खूण पुरे, कारण बेरीज-वजाबाकीची अदलाबदल ही या प्रकरणातली सगळ्यात नेहमीची चूक आहे. वर्गमुळाखाली ऋण संख्या आली, तर समजायचं की वर्तुळं एकमेकांना छेदत आहेत किंवा एक दुसऱ्याच्या आत आहे आणि अशी स्पर्शिकाच नाही.

या रेषा चंद्राच्या पलीकडे जवळ येत नाहीत, फाकत जातात. त्यांच्यामधला भाग उपच्छाया, जिथून ग्रहण खंडग्रास दिसतं. त्यांचा छेदनबिंदू चंद्रापासून सूर्याच्या बाजूला सुमारे ३ लाख ७६ हजार किलोमीटरवर आहे. तिथून पृथ्वीपर्यंत येता येता त्या जवळपास ६,८०० किलोमीटर फाकतात. दोन्ही गणितांत वर्तुळं तीच, अंतर तेच, बदललं फक्त एक चिन्ह, आणि १२८ चे ६,८०० झाले. माद्रिद आणि बार्सिलोना ही दोन्ही शहरं या रुंद सावलीत असूनही अरुंद सावलीच्या जरा बाहेर राहतात, म्हणून तिथले लोक बुधवारी गाड्या काढून पट्ट्याकडे निघणार आहेत.

सगळ्यात अवघड जागा पाल्मा. भूमध्य समुद्रातल्या एका बेटावरच्या या शहरात खग्रास होईल तेव्हा सूर्य क्षितिजापासून दोन-अडीच अंशच वर असेल, आणि तिथे पुन्हा बाहेरच्या बिंदूपासूनची साधी स्पर्शिका कामाला येते. या वेळी वर्तुळ म्हणजे पृथ्वी आणि बिंदू म्हणजे पाहणाऱ्याचा डोळा. नजर जिथे समुद्राला टेकते तो स्पर्शबिंदू, म्हणजेच क्षितिज. डोळा १०० मीटर उंचीवर असेल तर उंची गुणिले पृथ्वीचा व्यास, ०.१ गुणिले १२,७४२, आणि त्याचं वर्गमूळ. क्षितिज सुमारे ३६ किलोमीटरवर येतं. काटेकोर सूत्रात व्यासात उंचीही मिळवायची असते, पण १०० मीटरने इथे काही फरक पडत नाही. उंची चौपट केली, ४०० मीटरवर चढलो, तर क्षितिज फक्त दुप्पट, ७१ किलोमीटरवर जातं. हवेत प्रकाश किंचित वाकतो, त्यामुळे प्रत्यक्षात याहून आठेक टक्के जास्त लांबचं दिसतं, आणि तेही त्या संध्याकाळच्या हवेवर अवलंबून.

स्पर्शिका त्रिज्येला लंब असल्यामुळे उंचावरून क्षितिज किती खाली झुकतं तेही लगेच काढता येतं. ३६ ला पृथ्वीच्या त्रिज्येने भागलं की १०० मीटरवर साधारण एक तृतीयांश अंश येतो, म्हणजे सूर्यबिंबाच्या सहा दशांशांइतका. पाल्माच्या अक्षांशावर मावळता सूर्य एवढं अंतर पावणेदोन मिनिटांत उतरतो. तिथला खग्रास काळ दीड मिनिटाच्या जरा पुढेच आहे. पश्चिमेला मोकळा समुद्र दिसणारी शंभर मीटरची टेकडी ज्यांना सापडेल, त्यांना खग्रास आणखी एकदा मावेल इतका वेळ सूर्यास्ताआधी जास्तीचा मिळेल.