इमारत उभी राहण्याआधी कॅमेरा कुठे ठेवायचा?

रिकाम्या प्लॉटवर सहा मजले उभे राहायला दीड वर्ष लागतं आणि ते सगळं पडद्यावर मिनिटभरात दिसतं. पुनर्विकासाला निघालेल्या अनेक सोसायट्यांना आणि बिल्डरांना आता असा व्हिडिओ हवा असतो. तो बिघडतो तो बहुतेक वेळा संकलनात नाही, तर पहिल्या दिवशी. कॅमेरा कुठे ठेवायचा आणि किती वेळाने फोटो घ्यायचा, हे दोन निर्णय तेव्हा घाईत घेतलेले असतात आणि दीड वर्षानंतर ते दुरुस्त करता येत नाहीत.

पुण्यातल्या एखाद्या सोसायटीचं उदाहरण घेऊ. खाली पार्किंग, वर सहा मजले, गच्चीवर पाण्याची टाकी, म्हणजे एकूण उंची साधारण 24 मीटर. कॅमेऱ्याची जागा आजच्या खड्ड्याकडे बघून ठरवायची नाही, या 24 मीटरकडे बघून ठरवायची. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 24 मिलिमीटरची लेन्स असेल तर हिशेब सोपा आहे. इमारत जितक्या मीटरवर, तितक्याच मीटरची उंची पूर्ण फोटोत मावते. म्हणजे 40 मीटरवरून 40 मीटर. मात्र व्हिडिओसाठी फोटोची वरची आणि खालची पट्टी कापली जाते, त्यामुळे हाती सुमारे 34 मीटर उरतात. समोरच्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर, जमिनीपासून दहा मीटरवर, कॅमेरा अगदी समतल ठेवला तर जमिनीपासून 27 मीटरपर्यंतचा भाग दिसतो. टाकी मावते आणि वर थोडं आकाशही राहतं. सुरुवातीला चित्राचा वरचा निम्मा भाग रिकामा दिसेल, तो तसाच राहू द्यावा. खड्डा छान दिसावा म्हणून कॅमेरा खाली वाकवला की चौथ्या-पाचव्या स्लॅबनंतर इमारत चौकटीबाहेर जाते आणि तोवर उभे खांबही तिरके दिसत राहतात.

दिशाही महत्त्वाची आहे. आपल्याकडे वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून कॅमेरा प्लॉटच्या दक्षिणेला ठेवून उत्तरेकडे वळवला तर ऊन त्याच्या पाठीमागून येतं आणि दर्शनी बाजू उजेडात राहते. मे ते जुलै या काळात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, पण तो लेन्समध्ये शिरत नाही. गच्ची ज्यांची, त्यांची लेखी परवानगी आधी घ्यावी आणि चौकटीत शेजाऱ्यांच्या खिडक्या येणार नाहीत हे पाहावं. ट्रायपॉड दीड वर्ष टिकत नाही. कठड्याच्या भिंतीत बोल्टने पक्का केलेला लोखंडी ब्रॅकेट आणि त्यावर काच असलेली पाणीरोधक पेटी हवी. पत्र्याच्या शेडवर किंवा मोबाइल टॉवरच्या खांबावर पेटी लावली तर वाऱ्याने ती थरथरते आणि प्रत्येक फोटो किंचित वेगळा येतो.

आता इंटरव्हल, म्हणजे दोन फोटोंमधलं अंतर. आपल्याकडे व्हिडिओ सेकंदाला 25 फ्रेमचा धरतात. एका मिनिटाला 1500 फ्रेम लागतात. दीड वर्षाचे सुमारे 540 दिवस होतात, म्हणजे दिवसाला तीन फोटो पुरेसे आहेत असं वाटेल. पण सकाळ, दुपार आणि संध्याकाळचा एकेक फोटो जोडला तर सावल्या चित्रात इकडून तिकडे उड्या मारतात आणि डोळ्यांना त्रास होतो. म्हणून सकाळी सात ते संध्याकाळी सहा दर 15 मिनिटांनी फोटो घ्यावा. दिवसाला 45, एकूण 24,300 फोटो होतात. एक फोटो सहा एमबीचा धरला तर ते सुमारे 146 जीबी होतात, म्हणजे साठवायला अवघड नाहीत. संकलनात रोजचे फक्त साडेदहा, पावणेअकरा आणि अकराचे फोटो उचलायचे. तीन गुणिले 540 म्हणजे 1620 फ्रेम, साधारण 65 सेकंद. ऊन रोज एकाच कोनातून येत असल्याने इमारत शांतपणे वर चढताना दिसते. उरलेले फोटो वाया जात नाहीत. ढगाळ दिवस किंवा बुरसटलेली काच यांना त्यांतूनच पर्याय मिळतो.

स्लॅबच्या दिवसाला मात्र हे गणित चालत नाही. आठ तासांचं काँक्रीटिंग 15 सेकंदांत बसवायचं म्हटलं तर दर 77 सेकंदांनी एक फोटो लागेल. तेवढ्या वेळात पंपाचा पाइप स्लॅबच्या दुसऱ्या टोकाला गेलेला असतो आणि माणसं चित्रात प्रकट होऊन गायब होतात. म्हणून त्या दिवशी दुसरा कॅमेरा शेजारच्या गच्चीच्या कोपऱ्यात, स्लॅबच्या पातळीपेक्षा थोडा उंच लावून दर पाच सेकंदांनी फोटो घ्यावा. मग पूर्ण आठ तास दाखवायचेच नाहीत. काँक्रीट पडायला लागलं तो भाग, निम्मा स्लॅब भरला तो भाग आणि शेवटचा रंधा फिरतो तो भाग, असे पाच-पाच सेकंदांचे तीन तुकडे घ्यावेत. प्रत्येक तुकड्याला 125 फ्रेम, म्हणजे साइटवरची साडेदहा मिनिटं लागतात. माणसांची चाल सलग दिसते आणि कामाचा क्रमही कळतो.

दुसरा कॅमेरा आणखी एका कारणासाठी लागतो. परांची बांधून हिरवी जाळी लागली की समोरच्या कॅमेऱ्याला अनेक महिने फक्त हिरवं कापड दिसतं. विटकाम, प्लास्टर, फरशी ही कामं आतूनच टिपावी लागतात. खोलीच्या कोपऱ्यात, छताजवळ कॅमेरा लावून दर दहा सेकंदांनी फोटो घेतला तर एका भिंतीचं काम पुरेसं सलग दिसतं.

स्लो मोशनची निवड याच्या उलट आहे. जी क्रिया डोळ्यांसमोर दोन-तीन सेकंदांत संपते, तीच संथ करावी. सेकंदाला 100 फ्रेमने घेतलेलं दृश्य 25 ने दाखवलं की दोन सेकंदांचे आठ होतात. पंपाच्या पाइपातून काँक्रीट एकसारखं येत नाही, पिस्टनच्या प्रत्येक ठोक्याबरोबर उसळून येतं. हे संथ गतीतच कळतं. व्हायब्रेटरची सुई घातल्यावर खडी खाली बसते आणि हवेचे बुडबुडे वर येतात, तेही तसंच. फिटर बाइंडिंग वायरला पीळ देऊन रिंग बांधतो किंवा ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात, ही दृश्यंही चांगली उठतात. क्रेनने उचललेलं ओझं मुळात संथच असतं. ते आणखी संथ केलं तर प्रेक्षक कंटाळतो.

ही दृश्यं दिवसाउजेडी घ्यावीत. आपल्या विजेच्या 50 हर्ट्झ प्रवाहामुळे साधे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात आणि 120 फ्रेमच्या चित्रणात ते धडधडताना दिसतात. रात्रीचं काम घ्यायचंच असेल तर 100 फ्रेम आणि शटर 1/100 ठेवावं. जवळ जाऊ नये. पंप सुरू होताना किंवा तुंबा सुटताना पाइपाचं टोक चाबकासारखं फिरतं, शिवाय ओलं काँक्रीट डोळ्याला घातक असतं. 70-200 मिलिमीटरच्या लेन्सने, हेल्मेट घालून, बूमच्या टप्प्याबाहेरूनच चित्रण करावं.

कामाच्या वहीत एवढं लिहून ठेवावं:

- मुख्य कॅमेरा: दक्षिण गच्ची, 24 मिमी, समतल, दर 15 मिनिटांनी, फोकस आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवून लेन्सवर टेप.
- स्लॅब कॅमेरा: कोपऱ्यातून, दर 5 सेकंदांनी, एका दिवसाला 5760 फोटो, विजेची जोडणी हवी, बॅटरी पुरत नाही.
- आतील काम: छताजवळ, दर 10 सेकंदांनी.
- स्लो मोशन: 100 फ्रेम, शटर 1/200, दिवसा.

दर आठवड्याला कोणीतरी गच्चीवर जाऊन काच पुसणं, फोटो उतरवून घेणं आणि पावसाळ्यात पेटीतली सिलिका जेलची पुडी बदलणं आवश्यक आहे. त्याच वेळी ताजा फोटो पहिल्या फोटोवर ठेवून शेजारच्या इमारतीचा कोपरा जुळतो का ते पाहावं. कॅमेरा किंचित वळला असेल तर संगणकावर ते सरळ करता येतं. जागेवरून सरकला असेल तर नाही, कारण पुढच्या आणि मागच्या वस्तूंमधलं नातंच बदलतं. म्हणून भिंत फोडायच्या आधी ब्रॅकेट बसवा, आठवडाभर चाचणी घ्या आणि मगच पहिला फावडा पडू द्या.