प्रतिध्वनी नेमका कोणाच्या घरातला?

रात्री जेवणं उरकली की चार मित्र आपापल्या घरी कन्सोल लावून एकच गेम खेळायला बसतात. समजा, एक जण पुण्यात आहे, दुसरा नाशिकला, तिसरा बंगळुरूला आणि चौथा कोल्हापूरला. पुणेकर म्हणतो, “उजवीकडून ये,” आणि क्षणभरातच “उजवीकडून ये” हे त्याचेच शब्द त्याच्या कानात परत येतात. हेडसेट बिघडला असावा असं वाटून तो वायर काढून पुन्हा लावतो, कन्सोल बंद करून चालू करतो. फरक काहीच पडत नाही, कारण बिघाड त्याच्या घरात नाहीच.

आवाजाचा प्रवास पाहिला की हे लक्षात येतं. पुणेकराचे शब्द इंटरनेटवरून कोल्हापूरला पोचतात. तिथे ते फक्त हेडसेटमध्ये ऐकू यायला हवेत, पण तिथल्या कन्सोलच्या सेटिंगमुळे ते टीव्हीच्या स्पीकरमधूनही बाहेर पडतात. खोलीत पसरलेला हा आवाज कोल्हापूरकराच्या तोंडासमोरच्या माइकमध्ये शिरतो. माणसाचं बोलणं कोणतं आणि टीव्हीचं कोणतं, हे माइकला कळत नाही. जे ऐकलं ते तो सगळ्यांना पाठवून देतो.

या प्रवासातच दोषी शोधण्याची खूण दडलेली आहे. कोल्हापूरकराचा स्वतःचा आवाज त्याच्या टीव्हीवर येत नाही, म्हणून त्याला सगळं स्वच्छ ऐकू येतं. बाकी तिघे मात्र हैराण होतात. ज्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो तो निर्दोष असतो, आणि “मला तर काहीच प्रतिध्वनी येत नाही” असं जो म्हणतो, त्याच्याच घरात टीव्हीचा आवाज माइकमध्ये जात असतो. हे उलटं वाटतं, म्हणूनच नेमका चुकीचा माणूस आपला हेडसेट तपासत बसतो.

आवाज उशिरा का येतो, तेही पाहू. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. टीव्ही आणि सोफा यांच्यात तीन मीटर अंतर असेल, तर तेवढ्यासाठी जेमतेम 9 मिलिसेकंद लागतात. खरा वेळ जातो तो इंटरनेटवरून जाण्यायेण्यात आणि कन्सोल व टीव्ही आवाजावर जी प्रक्रिया करतात तिच्यात. बोलणं साधारण 30 ते 40 मिलिसेकंदांच्या आत परत आलं, तर कान ते मूळ आवाजातच मिसळून टाकतो. त्याहून जास्त उशीर झाला की ते वेगळं ऐकू येतं. हा उशीर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या, म्हणजे 200 मिलिसेकंदांच्या आसपास गेला, की बोलणाराच अडखळू लागतो. बर्नार्ड ली या अमेरिकी संशोधकाने 1950 च्या सुमारास हा परिणाम नोंदवला होता: स्वतःचा आवाज थोडा उशिरा ऐकवला, तर चांगलं बोलणारी माणसंही शब्द लांबवतात, अक्षरं दोनदा उच्चारतात. प्रतिध्वनी असताना मित्र वाक्य अर्ध्यावर सोडतो, त्याचं कारण हे आहे.

आणखी एक गोष्ट गोंधळात टाकते. हा प्रतिध्वनी सतत येत नाही. कोल्हापूरकर स्वतः बोलत असताना तो जवळजवळ नाहीसा होतो आणि तो गप्प बसला की वाढतो. त्यामागे बऱ्याच ठिकाणी माइकची आपोआप पातळी सांभाळणारी सोय असते. जवळून मोठा आवाज आला की ती माइकची संवेदनशीलता कमी करते, शांतता झाली की वाढवते. त्यामुळे तोंड मिटलं की तीन मीटरवरचा टीव्ही माइकला अधिक स्पष्ट ऐकू येऊ लागतो.

शोध घ्यायचा झाला तर एकेकाला काही सेकंद माइक म्यूट करायला सांगावं आणि पुणेकराने बोलत राहावं. ज्याच्या म्यूटने प्रतिध्वनी थांबला, त्याच्या घरातून तो येत होता. मग त्याने माइक चालू ठेवून टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करावा. प्रतिध्वनी गेला, तर टीव्हीच कारण होता हे पक्कं झालं. तरीही राहिला, तर हेडसेटच्या कानांतून बाहेर पडणारा आवाज माइकमध्ये जात असावा. अशा वेळी हेडसेटचा आवाज कमी करून पाहावा आणि कान नीट झाकले जातात ना, ते बघावं. स्वस्त वायरच्या हेडसेटमध्ये कधी कधी ऐकण्याचा विद्युत संकेत आतल्या आत माइकच्या तारेत झिरपतो. मग दुसरा हेडसेट लावून पाहणं हाच निर्णायक तपास.

टीव्हीच कारण ठरला, तर उपाय सेटिंगमध्ये आहे. एक्सबॉक्सवर Settings मधल्या General खाली Volume & audio output उघडावं आणि Party chat output हे फक्त हेडसेटवर ठेवावं. स्पीकर आणि हेडसेट असे दोन्ही निवडलेले असतील, तर मित्रांचे आवाज टीव्हीवर जात राहतात. प्लेस्टेशनवर आवाजाच्या सेटिंगमध्ये Output to Headphones असा पर्याय आहे. तिथे All Audio निवडलं की गेम आणि गप्पा दोन्ही हेडसेटमध्ये येतात. Chat Audio निवडलं तर गप्पा हेडसेटमध्ये येतात आणि गेमचा आवाज टीव्हीवर राहतो. त्यात मित्रांच्या बोलण्याचा प्रतिध्वनी होत नाही, पण तुमच्या टीव्हीवरच्या गोळ्यांचा आवाज त्यांना ऐकू येऊ शकतो. काही गेममध्ये गेमची स्वतःची व्हॉइस चॅट गेमच्याच आवाजाचा भाग असते. अशा वेळी All Audio अधिक सुरक्षित.

मग फोनच्या स्पीकरवर बोलताना असा त्रास का होत नाही? फोनमध्ये प्रतिध्वनी पुसणारी सोय असते. बेल लॅब्जमधले भारतीय वंशाचे संशोधक मनमोहन सोंधी यांनी 1967 साली अशा पद्धतीवर महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. आपण स्पीकरला कोणता आवाज दिला हे यंत्राला ठाऊक असतं. तो आवाज खोलीतून माइकपर्यंत येताना कसा बदलतो याचा ते सतत अंदाज घेतं आणि माइकच्या आवाजातून तेवढा भाग वजा करतं. हेडसेटच्या बाबतीत ही वजाबाकी तोकडी पडू शकते. टीव्ही किंवा साउंडबार आवाजात आपला उशीर आणि आपले बदल मिसळतो, वर स्फोट आणि संगीत चालू असतं. शिवाय हेडसेट लावला म्हणजे आवाज कानांबाहेर जाणार नाही, असंच सहसा गृहीत धरलेलं असतं.

एकाच्या घरातला टीव्ही सुरू असेल, तर एकदाच परतणारा प्रतिध्वनी येतो. तीच चूक दोन घरांत एकदम झाली, की पुण्याहून गेलेला आवाज कोल्हापूरच्या टीव्हीतून पुण्याला येतो, तिथल्या टीव्हीतून पुन्हा कोल्हापूरला जातो आणि फेऱ्या सुरू होतात. प्रत्येक फेरीत आवाज थोडा वाढत गेला, तर बघता बघता कानठळ्या बसवणारा गोंगाट होतो. अशा वेळी दोन्ही घरांतली सेटिंग एकदम शोधत बसू नये. दोघांपैकी कोणीही एकाने माइक म्यूट केला की फेरी तुटते. मग शांतपणे आधी एकाचं आणि नंतर दुसऱ्याचं सेटिंग बदलावं.

घरातल्या इतरांनाही गेम ऐकायचा असेल, तर टीव्ही पूर्ण बंद ठेवायची गरज नाही. गप्पा फक्त हेडसेटवर ठेवाव्यात, टीव्हीचा आवाज बोलण्याहून हळू असावा, माइक ओठांपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, किंचित बाजूला धरावा आणि त्याची संवेदनशीलता कमी करावी. माइक तोंडाजवळ असला की तुमचा आवाज टीव्हीच्या कितीतरी वर राहतो आणि मित्रांना तुमचंच बोलणं ऐकू येतं.